इनचार्जवाली साडी

एचआरची मुलगी आमच्या पॅकिंग सेक्शनमध्ये कधी येत नाही. झाकणांची धूळ तिच्या डोळ्यांत जाते. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं आम्ही तपासून, मोजून पिशवीत भरतो, त्यांची बारीक पांढरी पूड उडत असते. आम्हाला सवय झाली आहे. त्या दिवशी आली ती नाकाला रुमाल लावून, आणि म्हणाली की यावर्षी कंपनीच्या वार्षिक डिनरला पॅकिंगच्या बायकांनाही बोलावलं आहे. ठाण्याला, घोडबंदर रोडच्या मोठ्या हॉटेलात. वर्षभरात आमच्या मालाची एकही तक्रार आली नाही, म्हणून स्टेजवर सगळ्यांचा एकत्र फोटोही काढणार.

"पण ड्रेस फॉर्मल हवा," ती म्हणाली. "लग्नाला जातो तसं नको हं."

आम्ही बाराजणी. सगळ्यांनी हात थांबवले.

"मग कसं? बारशाला जातो तसं?" एकीने विचारलं.

"नाही."

"साखरपुड्याला?"

"अहो नाही. तेही लग्नासारखंच झालं."

"मयताला?" कोपरीवाली म्हणाली. ती ठाण्याच्या कोपरीहून येते म्हणून तिला आम्ही तेच म्हणतो. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

एचआरच्या मुलीने रुमाल काढला. म्हणाली, "साधं, पण चांगलं. चमचम नको, जरी नको, पैठणी नको. कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये, पण छान दिसावं."

त्यातलं पहिलं अर्धं मला फार पटलं. मला जन्मापासून कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. लग्नात मी शेवटच्या पंगतीला जेवते, म्हणजे वाढणारेसुद्धा दमलेले असतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. त्यामुळे मला पुरी नेहमी गार मिळते. या डिनरला मात्र मला जायचं होतं, आणि कारण काही मोठं नव्हतं. मला जेवायचं होतं. दुसऱ्या कोणीतरी केलेलं, गरम, आणि नंतर भांडी घासायची नाहीत. आम्ही राहतो दिवा स्टेशनजवळ, तिथे बिल्डिंगमध्ये पाणी येतं तेव्हा चाळणीतून गळल्यासारखं येतं, त्यात भांडी घासणं म्हणजे काय ते दिव्याच्या बाईलाच विचारावं. फक्त स्टेजवर जायचं नव्हतं.

एचआरची मुलगी गेली आणि भांडण सुरू झालं.

माझ्याकडे साड्या दोन प्रकारच्या. एक, रोजच्या. दोन, कपाटातल्या. कपाटातल्या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या लग्नात आलेल्या, नाहीतर कोणाच्या तरी लग्नात द्यायला ठेवलेल्या. मधलं काहीच नाही. बाकीच्यांचंही तसंच निघालं. रंगावर बोलणं आलं तेव्हा तर कळलं, की एकही रंग मोकळा नाही. लाल, हिरवा लग्नाचे. पिवळा हळदीचा. काळा संक्रांतीचा. एक म्हणाली पांढरी नेसू, तर दुसरी म्हणाली, "नवरा जिवंत आहे माझा." त्यावर कोपरीवाली म्हणाली, "अगं, आमच्यात पांढरीच नेसून लग्न लागतं. म्हणजे माझ्यासाठी तर ती पण लग्नाचीच झाली." निळा राहिला, पण निळा आमच्या एप्रनचा.

शेवटी वयनी बोलली. वयनी म्हणजे आमच्यातली मोठी. डोंबिवलीजवळच्या गावातली, गावात स्वतःची चार मजली बिल्डिंग, भाडेकरू वगैरे. कामाला का येते विचारलं तर म्हणते, घरात सुनेचं तोंड किती बघू. साडीला सारी म्हणते आणि तिने सांगितलेलं कोणी मोडत नाही.

"आमचे गावान हलदीला भावकीच्या सगल्या बायका एकसारखी सारी नेसतात," वयनी म्हणाली. "कोन गरीब, कोन पैशेवाली, कोनला कलत नाय. आपन पन तसंच करू. सेम टू सेम."

"पण ती म्हणाली लग्नासारखं नको," मी हळूच म्हणाले. माझं बोलणं माझ्या शेजारणीपर्यंतही पोचलं नाही.

मग मीच विचार केला, आणि मला ती गोष्ट फार आवडली. बाराजणी एकसारख्या साडीत उभ्या राहिल्या तर मला कोण ओळखणार? स्टेजवरही मी मागे उभी राहिले की झालं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जेवायलाच चाललीस ना? मग साडी कशीही असो, पोट तेच आहे." त्याचं सगळं बोलणं असंच असतं, पण यावेळी मला बरं वाटलं.

रविवारी कल्याणच्या बाजारात गेलो. एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर होलसेलचं दुकान होतं, खाली पांढऱ्या गाद्या. वयनी मधोमध बसली. शेठने विचारलं, "भाभी, किस लिए चाहिए? स्कूल? हॉस्पिटल? बचत गट?"

"पार्टी के लिए," वयनी म्हणाली.

"कौनसी पार्टी? प्रचार का माल उधर है," म्हणून त्याने दुसऱ्या कोपऱ्यात हात केला.

त्याला समजावलं, की आम्हाला कोणाला निवडून द्यायचं नाही, जेवायला जायचं आहे. त्याने गठ्ठे सोडायला सुरुवात केली. तेव्हा एक गोष्ट कळली. होलसेलमध्ये डिझाइन एक आणि रंग आठ असा सेट येतो. एकाच रंगाच्या बारा साड्या हव्या असतील तर एकतर ऑर्डर द्यायची आणि थांबायचं, नाहीतर युनिफॉर्मच्या मालातून घ्यायच्या. थांबायला वेळ नव्हता. म्हणजे रोज युनिफॉर्म घालून कंटाळलेल्या बायका सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने युनिफॉर्म विकत घ्यायला बसल्या. त्यावेळी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला आता लिहिताना हसू येतं.

त्याने जी साडी काढली ती खरंच चांगली होती. राखाडी अंग, बोटभर मरून काठ, चुरगळत नाही, अंगाला चोपून बसते. जरीचा एक धागा नाही. वयनीने हात फिरवला, काठ उलटा करून बघितला, आणि म्हणाली, "हीच फॉरमल."

"हॉस्पिटल के काउंटर का ऑर्डर था," शेठ म्हणाला. "उसमें से बचा है."

मोजल्या तर अकरा निघाल्या. त्याने सगळं कपाट उपसलं. बारावी निघाली ती उलटी होती, अंग मरून आणि काठ राखाडी.

"ये इनचार्जवाली है," शेठ म्हणाला. "स्टाफ को ग्रे, इनचार्ज को मरून. एक ही है."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मला नको. मला मरून शोभत नाही. माझ्या सासूकडे असलीच आहे. मी जाडी दिसते. शेठ एकेकीकडे बघत होता. या गडबडीत एकच बाई काही बोलली नाही, आणि ती मरून साडी त्याच बाईच्या पिशवीत पडली. ती बाई मी.

"चला, आजपासून तू आमची इनचार्ज," कोपरीवाली म्हणाली. "लेट आलो तर खाडा नको लावू हां मॅडम."

ब्लाउज सगळ्यांनी बाजारातच घेतले, मरून रंगाचे, तयार, ओढले की ताणले जाणारे. ते दोन्ही साड्यांवर चालत होते. परकर मात्र राखाडीखाली राखाडीच हवा, मरूनखाली मरूनच, नाहीतर आतला रंग बाहेर मारतो. तेही घेतले.

घरी येऊन मी ठरवलं, जायचं नाही. अकरा राखाडी आणि एक लाल मरून, म्हणजे भाताच्या शितांत डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं. फोटोत बघणारा आधी मलाच बघणार. नवऱ्याला म्हणाले, माझं डोकं दुखतंय म्हणून कळवते. तो म्हणाला, "कळव. पण घरी मग भाजी काय करतेस?" घरात एक दुधी होता. मी त्या दुधीकडे थोडा वेळ बघितलं आणि साडीला फॉल लावायला घेतला.

कंपनीची बस डोंबिवलीहून निघाली. अकराजणी राखाडी साड्यांत, केसांचे अंबाडे, आणि प्रत्येकीने आपापल्या हिशेबाने गजरा किंवा नुसती पिन. वयनीने मात्र गळ्यात, हातांत होतं नव्हतं ते सगळं सोनं घातलं होतं. "सारी फॉरमल सांगितली, सोना नाय सांगितला," ती म्हणाली. मी खिडकीला चिकटून बसले होते आणि पदर पुढे घेऊन मरून जेवढं झाकता येईल तेवढं झाकत होते. मरूनने मरून कसं झाकणार.

हॉटेलच्या हॉलमध्ये शिरलो. थंडगार, गालिचा, गोल गोल टेबलं, पांढरी कापडं. कुठे बसायचं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मग आमच्या बायका जिथे जेवणाची भांडी मांडली होती त्या भिंतीला लागून ओळीने उभ्या राहिल्या. कामावर हजेरीला उभ्या राहतात तशा, हात पुढे बांधून. मी त्यांच्यापुढे दोन पावलं राहिले, कारण मागे जागाच उरली नव्हती.

लोक यायला लागले. ऑफिसचे, पुण्याच्या ब्रँचचे, डीलर, त्यांच्या बायका. पहिला माणूस आला तो सरळ आमच्या ओळीजवळ आला आणि सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "एक्सक्यूज मी, वॉशरूम?"

तिला माहीत नव्हतं. ती लाजून हसली. मग दुसऱ्याने विचारलं, व्हेज कुठलं आणि नॉनव्हेज कुठलं. तिसरीने आपली शाल एकीच्या हातात दिली आणि निघून गेली. चौथ्याच्या वेळी कोपरीवालीच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं," ती दातओठ खात म्हणाली, "आपल्याला हॉटेलवाल्या समजतायत ही लोकं."

त्यानंतर जो माणूस वॉशरूम विचारायला आला त्याला तिने अगदी गोड हसून, हात लांब करून, स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला.

मी पळायच्या विचारात होते. तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ आल्या. सुती साडी, कपाळाला मोठं कुंकू, छान हसऱ्या. पुण्याच्या कोणा साहेबांच्या मिसेस असणार. मागे राखाडी साड्यांची ओळ आणि पुढे मी एकटी मरून, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पाहुणी मी एकटीच.

"तुम्ही एकट्याच का उभ्या? या ना आमच्या टेबलवर."

मला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी गेले.

टेबलावर सूप आलं. पुढ्यात दोन चमचे होते. त्यांनी जो उचलला तो मी उचलला. त्या बोलत होत्या, मी मान हलवत होते. घरी मी बोलत नाही तेव्हा नवरा विचारतो, तोंड का पाडलंस. तिथे मात्र माझ्या गप्प बसण्याला मान होता. त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "किती शांत आहेत ना या." मग माझ्या काठाला हात लावून म्हणाल्या, "सुंदर आहे. हातमाग ना?"

मी मान हलवली. हातमागावर हॉस्पिटलच्या साड्या निघत असतील तर तो हातमाग असेल.

खरं लिहायचं तर मला तिथे बरं वाटायला लागलं होतं. सूप गरम होतं. माझ्याकडे बघणारी माणसं मला ओळखत नव्हती, आणि ज्याला आपण माहीतच नाही त्याने बघितलं तर फारसं लाजायला होत नाही, हे मला तेव्हाच कळलं. पनीरचे तुकडे घेऊन एकजण टेबलाकडे येत होता. त्याच वेळी माझ्या खांद्यावर बांगड्यांनी भरलेला हात पडला.

वयनी होती. तोंड लाल.

"चल गो जरा," ती म्हणाली. मी पनीरकडे बघितलं आणि उठले.

बायकांच्या वॉशरूममध्ये आमच्या चार-पाचजणी आधीच होत्या. वयनीने दार लोटलं.

"त्या डीलरनं मना उष्टा गलास दिला," ती म्हणाली. "हातान दिला. आन बोलतो, पानी भर. गल्यान मोप सोना घातलाय, तो दिसला नाय त्याला? सारी दिसली फकस्त."

"वयनी, सोनं खोटं वाटलं असेल त्याला," कोपरीवाली म्हणाली.

"तू गप." मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला. "दे ती सारी मना. फोटोला मी अशी जानार नाय. माझी सून बघंल तो फोटो. जलमभर बोलंल, सासू पानी वाढवाला गेलेली."

इतकी वर्षं बघते आहे, वयनीने कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हळदीतली सेम टू सेम साडी हिचीच कल्पना, आणि आता ही एकटीच त्यातून निघायला बघत होती. दुसरी कोणी असती तर मी मनात हसले असते. पण तिचे डोळे भरले होते. आणि मला तरी काय पाहिजे होतं? मला राखाडीच हवी होती. तरी हो म्हणताना मला एक क्षण जड गेलं. ते पनीर, आणि त्या बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, लवकर या हं.

"घ्या," मी म्हणाले.

मग साड्या सुटल्या. ब्लाउजचं काही नव्हतं, परकरांचा गोंधळ झाला. माझा मरून परकर वयनीच्या अंगात गुडघ्यापर्यंतच चढला. दोघींनी खेचून, एकीने श्वास सोडायला लावून तो कमरेवर नेला. तिचा राखाडी परकर मी नेसले तर नाडी आवळल्यावर पुढे एवढ्या चुण्या जमल्या की पोटाशी उशी बांधल्यासारखं दिसायला लागलं. कोपरीवाली म्हणाली, "पाचवा महिना आहे, सांभाळून चाल."

कोपऱ्यात हॉटेलची सफाईवाली बाई पुसणं घेऊन उभी होती. ती इतका वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या एजन्सीच्या? साडी चांगली दिली आहे. आम्हाला नुसता शर्ट-पँट. तुमच्याकडे जागा आहे का?"

वयनी निऱ्या खोचत होती, ती थांबली. मला वाटलं आता ही तिला काही बोलणार. पण तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर मरून परकराची नाडी तुटते की काय अशी भीती वाटायला लागली. सगळ्या हसलो. सफाईवालीला वाटलं, जागा आहे पण सांगत नाहीत.

बाहेर आलो तोवर स्टेजवरून पॅकिंग सेक्शनचं नाव घेत होते. वयनी पुढे, मरून साडी आणि सगळं सोनं, मागे आम्ही अकरा. टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी तिला नमस्कार केला आणि मधे आपल्याशेजारी उभं केलं. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, थोडं हसा." ती एवढी हसली की त्याला परत सांगावं लागलं, थोडं कमी. मी सगळ्यांत मागे, दोन अंबाड्यांच्या मधे. त्याने विचारलं, मागच्या ताई दिसत नाहीत, पुढे येतात का. मी ऐकलंच नाही.

खाली उतरल्यावर वयनीला सुती साडीवाल्या बाईंनी गाठलं आणि माझ्या खुर्चीवर नेऊन बसवलं. त्यांना साडी आठवत होती. वयनी बोलायला लागली आणि त्या टेबलावर जी शांतता मी एवढी जपून ठेवली होती तिची वाट लागली. दोन मिनिटांत तिथून हसण्याचा आवाज यायला लागला.

मी जेवणाच्या बाजूला गेले. ताटली हातात घेतली आणि लोकांच्या गर्दीत कुठून शिरावं ते कळेना. तंदूरजवळचा रोट्या काढणारा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, स्टाफ का खाना बाद में है. भूक लगी है क्या?"

मी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"इधर पीछे आ जाओ, कोई नहीं देखता."

कोई नहीं देखता. मला त्या संध्याकाळी कोणी याहून चांगलं काही बोललं नाही. मी काउंटरच्या मागे गेले. त्याने कोल्ड्रिंकचा रिकामा क्रेट उलटा करून दिला, वाटीत डाळ दिली, पनीर दिलं, आणि तंदूरमधून काढलेली रोटी थेट माझ्या ताटलीत टाकली. इतकी गरम की बोटं बदलून बदलून धरावी लागली. माझ्या आयुष्यात मी शेकडो पंगती जेवले असेन, पण विस्तवावरून निघालेली रोटी बसल्या जागी पहिल्यांदा मिळाली. समोर टेबलकापड लोंबत होतं, त्याच्यामागे मी कोणाला दिसत नव्हते. पोटाशी चुण्यांची उशी होती, तिच्यावर ताटली छान बसली.

तिसरी रोटी चालू असताना काउंटरवर सुती साडीवाल्या बाई आल्या. वाकून बघितलं तर मी दिसले. मी हातातली रोटी ताटलीत ठेवली. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "एक बटर लावलेली मिळेल का?"

मी उठले, टोपलीतली एक उचलून त्यांच्या ताटात ठेवली.

"थँक यू हं," त्या म्हणाल्या आणि वयनीच्या गोष्टी ऐकायला परत गेल्या.

मी पुन्हा खाली बसले आणि रोटीवाल्याला म्हणाले, "मला पण बटरवाली द्या."